उत्पादकांसाठीच्या मालवाहतूक सेवेचे परिणामनिष्ठ व्यष्टी अध्ययन : आकड्यांची निवड, पडताळणी व मांडणी

प्रस्तावना

मालवाहतूक व साठवणूक यांची सेवा कंत्राटाने पुरविणाऱ्या संस्था आपल्या कामाचा परिचय करून देताना बहुधा एखाद्या ग्राहक-कारखान्याचे व्यष्टी अध्ययन प्रसिद्ध करतात. वाणिज्य व व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्यांनाही प्रकल्पकार्य म्हणून असे लेखन करावे लागते. या लेखनात 'वाहतूक खर्चात ४० टक्के बचत' अशा स्वरूपाचे विधान ठळकपणे असते. परंतु ती बचत कशाच्या तुलनेत, कोणत्या काळात आणि कोणाच्या खिशात झाली, याचा उलगडा क्वचितच होतो. कारखान्यातील खरेदी विभागाचा प्रमुख किंवा उत्पादन व्यवस्थापक हा अशा लेखनाचा खरा वाचक असतो. तो स्वतः रोज दर, वजन व वेळ यांचे हिशेब करीत असल्यामुळे आधार नसलेला आकडा त्याच्या चटकन लक्षात येतो आणि मग उर्वरित मजकुरावरचाही त्याचा विश्वास उडतो.

प्रस्तुत लेखात उत्पादकांसाठीच्या लॉजिस्टिक्स सेवेचे व्यष्टी अध्ययन खऱ्या आकड्यांच्या आधारे कसे लिहावे, याचे विवेचन केले आहे. त्यासाठी सर्व प्रकारच्या सेवांचा आढावा न घेता 'मिल्क रन' या एकाच पद्धतीचा विचार केला आहे. विवेचनातील चाकणच्या कारखान्याचे उदाहरण आकडेमोडीची रीत स्पष्ट व्हावी म्हणून रचलेले आहे. त्यातील आकडे कोणत्याही प्रत्यक्ष कारखान्याचे नाहीत. प्रत्यक्ष लेखनात मात्र या प्रत्येक आकड्याच्या जागी कारखान्याच्या दप्तरातील आकडाच आला पाहिजे, हे येथेच नमूद करणे आवश्यक आहे.

१. मिल्क रन पद्धतीचे स्वरूप

दूध संघाची गाडी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्याने निघते, वाटेतील प्रत्येक संकलन केंद्रावर भरलेले कॅन उचलते व रिकामे कॅन ठेवते. प्रत्येक शेतकऱ्याने आपले दूध स्वतंत्र वाहनाने डेअरीपर्यंत नेण्याची गरज राहत नाही. हीच कल्पना कारखान्याच्या आवक मालास लागू केली म्हणजे मिल्क रन तयार होतो. कारखान्याने नेमलेले एकच वाहन सुट्या भागांच्या अनेक पुरवठादारांकडे क्रमाने जाते, प्रत्येकाकडून त्या दिवसापुरता माल घेते आणि परतीचे रिकामे क्रेट देते. वाहन उद्योगात ही पद्धत विशेष रूढ आहे. कर्नाटकातील बिडदी येथील टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यासाठी ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया आणि जपानची मित्सुई यांच्या संयुक्त कंपनीने दिलेली सेवा हे भारतातील त्याचे परिचित उदाहरण होय. चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवड व तळेगाव या पट्ट्यात वाहननिर्माते व त्यांचे लहान पुरवठादार जवळजवळ वसलेले असल्याने ही पद्धत तेथे स्वाभाविक ठरते.

या पद्धतीचे एक वैशिष्ट्य लेखकाने आरंभीच ध्यानात घ्यावे. पूर्वी प्रत्येक पुरवठादार आपला माल आपल्या खर्चाने पोहोचवीत असतो व तो खर्च भागाच्या किमतीतच मिळवलेला असतो. म्हणजेच कारखान्याच्या हिशेबवहीत 'आवक वाहतूक' या शीर्षाखाली फारच थोडी रक्कम दिसते. मिल्क रन सुरू झाल्यावर तीच रक्कम प्रथमच उघडपणे दिसू लागते. त्यामुळे केवळ वाहतूक खात्यातील रकमांची तुलना केल्यास खर्च कमी होण्याऐवजी वाढलेलाच दिसेल! बचतीचा शोध भागाच्या किमतीत घ्यावा लागतो, आणि येथूनच आकड्यांची खरी कसोटी सुरू होते.

२. पूर्वस्थितीची निश्चिती

परिणाम म्हणजे दोन स्थितींमधील फरक. त्यातील नंतरची स्थिती मोजणे सोपे असते, कारण सेवा देणारी संस्था स्वतःच नोंदी ठेवते. पूर्वस्थिती मात्र सेवा सुरू होण्याआधीची असल्याने ती कारखान्याच्या जुन्या कागदपत्रांतून उभी करावी लागते. यासाठी तीन नोंदी उपयोगी पडतात. प्रवेशद्वारावरील आवक रजिस्टरमध्ये वाहन क्रमांक व येण्याची वेळ असते. वजनकाट्याच्या पावतीवर भाराचे वजन असते. आणि माल स्वीकृतीच्या नोंदीत कोणत्या पुरवठादाराचा कोणता भाग किती आला, हे असते. या तिन्ही नोंदी वाहन क्रमांक व दिनांक यांच्या आधारे एकमेकींशी जुळवून पाहाव्यात. २०१८ पासून लागू असलेले ई-वे बिल हेही एक साधन आहे. परंतु कमी मूल्याच्या मालासाठी ते काढावे लागत नाही आणि त्यावरील वेळ बिल काढल्याची असते, माल पोहोचल्याची नव्हे. म्हणून वक्तशीरपणा मोजण्यासाठी ते अपुरे पडते.

पूर्वस्थितीचा काळ निवडताना सर्वांत मोठी फसगत होते ती वाईट तिमाही निवडल्याने. कारखाना नवीन सेवेचा विचार करतो तो बहुधा एखाद्या अडचणीच्या काळानंतरच. माल उशिरा आला, उत्पादन थांबले, वरिष्ठांनी जाब विचारला आणि मग निविदा निघाली. असा काळ मुळातच अपवादात्मक असतो. काहीही न करता पुढील तिमाहीत स्थिती थोडी सुधारलीच असती. ही आपोआप होणारी सुधारणा सेवेच्या खात्यावर जमा केली, तर आकडा खरा असूनही निष्कर्ष खोटा ठरतो. यावर उपाय सोपा आहे. मागील बारा महिन्यांचे मासिक आकडे एका ओळीत मांडून पाहावेत. निवडलेले महिने इतरांपेक्षा ठळकपणे वाईट दिसत असतील, तर ते पूर्वस्थिती म्हणून घेऊ नयेत. हंगामी चढउतार टाळण्यासाठी दोन लागोपाठच्या वर्षांतील तेच महिने घेणे इष्ट होय.

दुसरी काळजी बाह्य घटनांची. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमेवरील करनाके हटले व लांब पल्ल्याच्या वाहतुकीतील प्रतीक्षा कमी झाली. जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने मालवाहनांचा अनुज्ञेय आसभार वाढविला. त्यानुसार दोन आसांच्या ट्रकचे एकूण अनुज्ञेय वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. ज्या अध्ययनात पूर्वस्थिती या तारखांच्या अलीकडची व परिणाम पलीकडचा असेल, त्यात वेळ व प्रतिटन खर्च यांतील काही घट कोणत्याही सेवेविना झालेली असणार. तसेच २०२०च्या टाळेबंदीचे महिने पूर्वस्थिती म्हणून घेणे कोणत्याही अर्थाने योग्य ठरत नाही. डिझेलच्या दरातील फरक तर नित्याचाच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने डिझेलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे १० रुपयांनी व मे २०२२ मध्ये ६ रुपयांनी कमी केले होते. अशा कपातीचा लाभ सेवेच्या नावावर लिहिला जाऊ नये.

३. उदाहरण : चाकण येथील एक कारखाना

आता एक उदाहरण तपशिलाने पाहू. चाकण परिसरातील एक कारखाना भोसरी, पिंपरी व तळेगाव येथील १२ पुरवठादारांकडून सुटे भाग घेतो. पूर्वी प्रत्येक पुरवठादार रोज एक टेम्पो पाठवीत असे. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरल्यास महिन्याला ३१२ खेपा होत. टेम्पोची क्षमता दीड टन, पण सरासरी भार अर्धा टन. म्हणजे गाडी एक तृतीयांशच भरलेली असे. महिन्याचा एकूण माल १५६ टन. पुरवठादारांच्या टेम्पो-भाड्याच्या पावत्यांवरून एका खेपेचा खर्च सरासरी १,४०० रुपये निघाला. त्यानुसार महिन्याचा खर्च ४,३६,८०० रुपये आणि प्रतिटन खर्च २,८०० रुपये होतो.

सेवा सुरू झाल्यानंतर दोन मार्ग आखण्यात आले. प्रत्येक मार्गावर सहा पुरवठादार व चार टन क्षमतेचे एक वाहन, रोज एक फेरी. महिन्याला ५२ फेऱ्या झाल्या व प्रत्येक फेरीस ५,००० रुपये भाडे पडले. वाहन सरासरी तीन टन, म्हणजे पाऊण भरू लागले. पुढील वर्षाच्या त्याच तीन महिन्यांत उत्पादन थोडे वाढल्याने मासिक माल १६२ टन झाला. केवळ फेऱ्यांचा खर्च २,६०,००० रुपये असल्याने प्रतिटन खर्च सुमारे १,६०५ रुपये येतो आणि घट जवळजवळ ४३ टक्के दिसते. पुष्कळ व्यष्टी अध्ययने येथेच थांबतात व हाच आकडा मथळ्यात देतात.

हा आकडा अपुरा आहे, कारण पूर्वीच्या १,४०० रुपयांत पुरवठादाराचे सर्व कष्ट आलेले होते, तर नंतरच्या ५,००० रुपयांत केवळ वाहनाचे भाडे आहे. नव्या पद्धतीचे इतर तीन खर्च त्यात मिळवावे लागतात. पहिला खर्च मार्गाची आखणी व देखरेख करणाऱ्या संस्थेचे मासिक शुल्क हा होय. दुसरा खर्च परतीच्या क्रेटचा. एकसारखे क्रेट नसतील तर निरनिराळ्या पुरवठादारांचा माल एका गाडीत नीट रचता येत नाही. सहा लाख रुपयांचे क्रेट पाच वर्षे टिकतील असे धरल्यास महिन्याचा भार १०,००० रुपये होतो. तिसरा खर्च तातडीच्या स्वतंत्र खेपांचा. एखाद्या पुरवठादाराचा माल गाडी येईपर्यंत तयार नसला, तर तो जुन्या पद्धतीने टेम्पोनेच आणावा लागतो. महिन्याला अशा दहा खेपा झाल्या असे मानू. आता दोन्ही स्थिती शेजारी ठेवून पाहता येतील.

| मासिक बाब | पूर्वी | नंतर |
|---|---|---|
| एकूण माल | १५६ टन | १६२ टन |
| नियमित वाहनांचा खर्च | ४,३६,८०० रु. | २,६०,००० रु. |
| तातडीच्या खेपा | – | १४,००० रु. |
| देखरेख शुल्क | – | ४०,००० रु. |
| क्रेटचा मासिक भार | – | १०,००० रु. |
| एकूण खर्च | ४,३६,८०० रु. | ३,२४,००० रु. |
| प्रतिटन खर्च | २,८०० रु. | २,००० रु. |

पूर्ण खर्च धरल्यावर प्रतिटन घट ८०० रुपये, म्हणजे सुमारे २९ टक्के येते. येथे प्रतिटन हा आधार घेणे महत्त्वाचे आहे, कारण माल वाढलेला असताना केवळ एकूण रकमांची तुलना केली तर घट २६ टक्केच दिसेल आणि सेवेवर अन्याय होईल. याउलट उत्पादन घटलेल्या काळात एकूण रकमांची तुलना सेवेचे अवास्तव कौतुक करील. भाजक न सांगता दिलेली टक्केवारी कोणत्याही दिशेने झुकू शकते.

यापुढील दुरुस्ती डिझेलची. दोन काळांत डिझेलचा दर ५ टक्क्यांनी उतरला आणि जुन्या खेपेच्या खर्चात डिझेलचा वाटा ४० टक्के होता, असे समजू. तर काहीही न बदलता जुना खर्च २ टक्क्यांनी, म्हणजे २,८०० वरून २,७४४ रुपयांवर आलाच असता. त्या आधाराने सेवेमुळे झालेली घट ७४४ रुपये, म्हणजे सुमारे २७ टक्के ठरते. ४३ पासून २७ पर्यंतचा हा उतार लेखकास नकोसा वाटण्याची शक्यता आहे. परंतु खरेदी विभागाच्या प्रमुखाने प्रश्न विचारल्यावर टिकून राहणारा आकडा २७ हाच आहे.

४. बचत कोणाच्या हाती पडली?

वरील हिशेब संपूर्ण साखळीचा आहे. सेवेचे पैसे मात्र कारखाना देतो. म्हणून त्याच्या दृष्टीने निर्णायक प्रश्न असा की, भागांच्या किमतीतून जुना वाहतूक खर्च खरोखर वजा झाला काय? पोहोच दराऐवजी कारखाना दर ठरविताना प्रत्येक पुरवठादाराशी स्वतंत्र वाटाघाट करावी लागते. लहान पुरवठादाराचा टेम्पो अनेकदा स्वतःचा असतो. चालकाचा पगार व कर्जाचा हप्ता गाडी थांबली तरी थांबत नाही. अशा पुरवठादारास वाहतुकीची पूर्ण रक्कम किमतीतून वजा करणे परवडत नाही व तो तसे स्पष्ट सांगतो. त्याची ही अडचण खरी असते.

आपल्या उदाहरणात १२ पैकी ९ पुरवठादारांनी पूर्ण रक्कम वजा केली व ३ पुरवठादारांनी निम्मी केली, असे धरू. वाढलेल्या मालाच्या हिशेबाने प्रत्येक पुरवठादाराचा जुना मासिक वाहतूक खर्च ३७,८०० रुपये होतो. नऊ जणांकडून ३,४०,२०० रुपये व तिघांकडून ५६,७०० रुपये अशी एकूण ३,९६,९०० रुपयांची किंमत-घट कारखान्यास मिळाली. त्यातून सेवेचा ३,२४,००० रुपये खर्च वजा जाता कारखान्याच्या हाती ७२,९०० रुपये उरतात. साखळीची एकूण बचत १,२९,६०० रुपये असली, तरी तिच्यातील ५६,७०० रुपये त्या तीन पुरवठादारांकडेच राहिले. डिझेल स्वस्त झाल्याने आपोआप झालेली सुमारे ९,००० रुपयांची घट कारखान्याच्याच वाट्यातून वगळली, तर सेवेमुळे त्याला महिन्याला सुमारे ६४,००० रुपये मिळाले, असे सावधपणे म्हणता येते. क्रेटचा १०,००० रुपयांचा मासिक भार यात आधीच वजा झालेला आहे. तो परत मिळवून पाहिल्यास क्रेटवरील सहा लाखांची गुंतवणूक आठ महिन्यांहून थोड्या अधिक काळात वसूल होते.

हा उलगडा व्यष्टी अध्ययनात आवर्जून द्यावा. वाचक-कारखान्याचे पुरवठादार किमती किती उतरवतील, यावरच त्याचा स्वतःचा लाभ अवलंबून राहणार असतो. बाराही पुरवठादारांनी केवळ निम्मीच घट दिली असती, तर कारखान्यास २,२६,८०० रुपये मिळून ३,२४,००० रुपये खर्च करावे लागले असते, म्हणजे निव्वळ तोटाच झाला असता. सेवा तीच, फेऱ्या त्याच, साखळीतील बचतही तीच. परंतु निष्कर्ष अगदी उलट. ज्या वाचकाला हे आधी कळले, तो वाहनांच्या निविदेपूर्वी किमतींच्या वाटाघाटी करील. व्यष्टी अध्ययनाचा खरा उपयोग हाच आहे.

५. वक्तशीरपणा व उत्पादनातील खंड

खर्चाखालोखाल उत्पादकास महत्त्व वाटते ते माल वेळेवर येण्याचे. 'वेळेवर' या शब्दाची व्याख्या मात्र लेखात दिलीच पाहिजे. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास मागे-पुढे वाहन प्रवेशद्वारावर पोहोचणे, अशी व्याख्या आपण घेऊ. पूर्वीच्या तीन महिन्यांत ९३६ खेपांपैकी ६५५ वेळेवर आल्या, म्हणजे ७० टक्के. नंतरच्या तीन महिन्यांत १५६ फेऱ्यांपैकी १४० वेळेवर आल्या, म्हणजे सुमारे ९० टक्के. ही सुधारणा निःसंशय मोठी आहे.

तरीही येथे एक गोष्ट झाकली जाते. पूर्वी एक टेम्पो उशिरा आला तर एका पुरवठादाराचा माल अडत असे. आता एक फेरी उशिरा आली की सहा पुरवठादारांचा माल एकदम अडतो. उशिराच्या घटना कमी झाल्या, परंतु प्रत्येक घटना अधिक जड झाली. टक्केवारीत हा फरक दिसत नाही. तो उत्पादन थांबल्याच्या मिनिटांत दिसतो. समजा, पूर्वी तीन महिन्यांत माल न आल्याने उत्पादनरेषा नऊ वेळा मिळून ४१० मिनिटे थांबली आणि नंतर दोनदाच, पण मिळून २४० मिनिटे थांबली. त्यांपैकी एकदा पुणे-नाशिक महामार्गावरील वाहतूक कोंडीत गाडी अडकल्याने खंड १५० मिनिटांचा झाला. अध्ययनात केवळ 'खंड ४१० वरून २४० मिनिटांवर' असे लिहिणे खोटे नव्हे. परंतु त्या १५० मिनिटांचा उल्लेख टाळला, तर वाचकाला या पद्धतीचा मुख्य धोकाच कळणार नाही. तो उल्लेख करून त्यावर योजलेला उपाय सांगावा. ज्या भागांवाचून रेषा तत्काळ थांबते अशा मोजक्या भागांचा चार तासांचा साठा कारखान्यात ठेवणे, किंवा कोंडीच्या वेळेआधी निघणारी फेरी आखणे, असे उपाय सामान्यतः केले जातात. साठा वाढविल्यास त्यासाठी लागणारी जागा व गुंतलेले भांडवल हाही सेवेचाच खर्च होय आणि तो वरील तक्त्यात यावयास हवा.

सुरुवातीच्या आठवड्यांचे काय करावे, हाही प्रश्न येतो. पहिल्या महिन्यात पुरवठादारांना ठरलेल्या वेळी माल तयार ठेवण्याची सवय नसते व तातडीच्या खेपा अधिक होतात. हा महिना तुलनेतून वगळण्यास हरकत नाही. मात्र तो वगळला आहे हे सांगून त्यातील आकडे स्वतंत्रपणे द्यावेत. नव्या ग्राहकालाही त्या महिन्यातून जावे लागणारच असते.

६. लेखनाची मांडणी

आकडे निश्चित झाल्यावर मांडणी सोपी होते. आरंभीच्या परिच्छेदात परिणाम, त्याचा आधार व काळ ही तिन्ही एकत्र यावीत. वरील उदाहरणाचा आरंभ असा करता येईल : 'चाकण परिसरातील एका वाहनभाग कारखान्यात १२ पुरवठादारांचा माल दोन सामायिक फेऱ्यांतून आणल्यामुळे आवक वाहतुकीचा प्रतिटन खर्च, डिझेलदरातील फरक वगळून, २७ टक्क्यांनी कमी झाला. तुलना दोन लागोपाठच्या वर्षांतील जानेवारी ते मार्च या महिन्यांची असून देखरेख, क्रेट व तातडीच्या खेपा यांचा खर्च तीत धरलेला आहे. एकूण बचतीपैकी निम्म्याहून थोडा अधिक भाग कारखान्यास मिळाला, कारण तीन पुरवठादारांनी किमतीत अंशतःच घट केली.' या चार-पाच ओळींत विशेषणे जवळजवळ नाहीत. तरीही हिशेब जाणणाऱ्या वाचकास पुढे वाचावेसे वाटेल.

त्यानंतर कारखान्याची पूर्वस्थिती, कृतीचा क्रम, आकड्यांचा तक्ता, आलेल्या अडचणी व शेवटी मर्यादा, असा क्रम ठेवावा. कृतीच्या वर्णनात मार्ग कसे आखले, फेरीची वेळ कशी ठरविली, पुरवठादारांशी बोलणी कोणी केली, हे सांगावे. कारण वाचक आपल्या कारखान्याची तुलना त्यावरूनच करतो. मर्यादांच्या भागात ही पद्धत कोठे उपयोगी पडणार नाही, हे स्पष्टपणे लिहावे. ज्या पुरवठादाराचा माल एकट्यानेच गाडी भरतो, त्याला फेरीत घालण्यात लाभ नसतो. पुरवठादार दूरदूर विखुरलेले असतील, तर फेरीचा वेळच इतका वाढतो की वाहन दिवसाला एक फेरीही पूर्ण करू शकत नाही.

ग्राहकाची लेखी संमती ही प्रकाशनाची पूर्वअट आहे. संमती केवळ नाव वापरण्यापुरती न घेता, प्रसिद्ध होणारा प्रत्येक आकडा दाखवून घ्यावी. भागांच्या किमती व पुरवठादारांची नावे उघड करण्यास कारखाने साहजिकच तयार नसतात. अशा वेळी रकमांऐवजी निर्देशांक देता येतो. म्हणजे पूर्वीचा प्रतिटन खर्च १०० धरल्यास नंतरचा सुमारे ७१. मात्र रक्कम गाळली तरी मालाचे टन, खेपांची संख्या, काळ व समाविष्ट खर्चांची यादी गाळू नये, अन्यथा निर्देशांकालाही अर्थ उरत नाही. कारखान्याचे नाव गुप्त ठेवावयाचे असल्यास त्याचे स्थान, उत्पादन व पुरवठादारांची संख्या मिळून त्याची ओळख पटते काय, हेही तपासावे लागते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, परिणामनिष्ठ व्यष्टी अध्ययनात एकाच घटनेचे ४३, २९ व २७ टक्के असे तीन आकडे निघू शकतात आणि त्यांतील एकही अंकगणिताच्या दृष्टीने चुकीचा नसतो. भेद असतो तो कोणता खर्च धरला व कोणता सोडला याचा. लेखकाने सर्वांत मोठा आकडा न निवडता पूर्ण खर्चावर आधारलेला, बाह्य कारणे वगळलेला आणि ग्राहकाच्या वाट्यास खरोखर आलेला आकडा द्यावा. लेख हाती सोपविण्यापूर्वी एक साधी कसोटी लावता येते : प्रत्येक आकड्यापुढे तो ज्या रजिस्टरमधून, पावतीतून किंवा बिलातून आला त्याचे नाव पेन्सिलीने लिहावे. ज्या आकड्यापुढे काहीच लिहिता येत नाही, तो प्रसिद्ध करू नये.